आधी हात, मग कागद

आजींनी डावा हात पदराखाली झाकून घेतला होता. मी फॉर्म घेऊन खाटेजवळ गेले, "आजी, सुई बघू का?" म्हटलं, तेव्हा त्यांनी पदर बाजूला केला. मनगटाच्या वर गुलाबी टोपणाची सुई होती आणि तिच्यावरच्या चिकटपट्टीच्या कडा काळ्या पडल्या होत्या. सुईपासून कोपराच्या दिशेने चार बोटं लांब लालसर पट्टा गेला होता. हलकेच चाचपलं तर त्वचेखालची शीर दोरीसारखी टणक लागली. "कधीपासून दुखतंय?" तर म्हणाल्या, "काल सकाळपासून. पण तुम्ही सगळ्या धावपळीत, म्हटलं सांगावं कसं?"

केसपेपर पाहिला. इंजेक्शनं दोन दिवसांपूर्वीच बंद होऊन गोळ्या सुरू झाल्या होत्या. म्हणजे या सुईतून दोन दिवस काहीच गेलं नव्हतं. ती कधी लावली ते पट्टीवर लिहिलेलं नव्हतं आणि ती काढावी असं कागदावर कुठेही नव्हतं. मी फॉर्ममध्ये नोंद केली आणि लगेच सिस्टरना हाक मारली. पाच मिनिटांत सुई निघाली आणि डॉक्टरांना कळवलं गेलं. आमच्या क्लिनिकल ऑडिटमधली ही नववी सुई होती.

मी बीएस्सी नर्सिंगच्या चौथ्या वर्षाला आहे. स्त्रियांच्या मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग असताना आम्हाला एक ऑडिट पूर्ण करून त्याचा अहवाल द्यायचा होता. इथे लिहिते आहे तो त्याच अहवालाचा वाचकांसाठी सुटसुटीत केलेला मजकूर. रुग्णालयाचं नाव देत नाही. कोणाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत आणि हिशेब सहज कळावा म्हणून आकडे सोपे करून घेतले आहेत.

ऑडिट म्हटलं की घरी सगळ्यांना पैशांचा हिशेब आठवतो. वॉर्डातल्या ऑडिटमध्ये कामाचा हिशेब असतो. संशोधन विचारतं की योग्य उपचार कोणता. ऑडिट विचारतं की जे योग्य आहे असं आपण आधीच मान्य केलंय, ते आपल्या वॉर्डात खरंच होतंय का. आधी निकष ठरवायचे, मग प्रत्यक्ष काय चालतं ते मोजायचं, तफावत का पडते ते शोधायचं, बदल करायचा आणि काही काळाने त्याच पट्टीने पुन्हा मोजायचं. म्हणून त्याला चक्र म्हणतात. बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्या प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवून, वर्षभराने त्याचं काय झालं ते तपासण्याचा आग्रह धरला होता. १९११ ते १९१६ या काळात त्यांच्या छोट्या रुग्णालयातून ३३७ रुग्ण घरी गेले आणि त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केल्या. सहकाऱ्यांना ते मुळीच रुचलं नाही. अहवाल लिहिताना मला त्यांची पुष्कळदा आठवण आली, कारण मोजून आलेला आकडा आपल्याच माणसांसमोर ठेवणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं.

विषय म्हणून मी सलाईनची सुई घेतली. वॉर्डात तिला कुणी इंट्राकॅथ म्हणतं, कुणी कॅन्युला. लावताना आत धातूची सुई असते, ती लगेच बाहेर काढतात आणि शिरेत राहते ती फक्त मऊ प्लॅस्टिकची बारीक नळी. दाखल झालेल्या बहुतेक रुग्णांच्या हाताला ती असतेच. शिरेच्या आतल्या अस्तराला नळी घासते, औषधं झोंबतात, कधी जंतू शिरतात आणि शीर सुजते. याला फ्लेबायटिस म्हणतात, म्हणजे शिरेचा दाह. बहुतेक वेळा सुई काढली की तो उतरतो. पण जंतू रक्तात उतरले तर प्रकरण गंभीर होऊ शकतं.

दाह किती आहे हे सांगायला शून्य ते पाच अंकांची एक पट्टी आहे. तिला व्हीआयपी स्कोअर म्हणतात, म्हणजे व्हिज्युअल इन्फ्युजन फ्लेबायटिस. जागा निरोगी असेल तर शून्य. किंचित दुखतंय किंवा किंचित लाली आहे, तर एक, आणि लक्ष ठेवायचं. दुखणं, लाली आणि सूज यांपैकी दोन गोष्टी असतील तर दोन, आणि इथेच सुई काढून गरज असल्यास दुसऱ्या जागी लावायची. पुढे शिरेच्या वाटेवर दुखणं आणि टणकपणा आला की तीन, शीर दोरीसारखी हाताला लागली की चार, त्यावर ताप आला की पाच. आजींचा अंक चार होता. दोनवर जी सुई निघायला हवी होती ती चारपर्यंत राहिली. बाकीचं ऑडिट या एका "राहिली" भोवतीच फिरलं.

निकष ठरवण्याचा भाग मला सोपा वाटला होता. तिथेच आमचे चार दिवस गेले. वॉर्डाचा जुना नियम होता की ७२ तास झाले की सुई बदलायची. मी वाचून आले होते की २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली आहे. ३,२८३ रुग्णांपैकी काहींची सुई ठरावीक मुदतीने बदलली होती आणि काहींची फक्त गरज पडली तेव्हाच. दाहाचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, सात टक्के निघालं. म्हणजे चांगली चाललेली सुई केवळ तारीख झाली म्हणून काढून रुग्णाला पुन्हा टोचायचं कारण नाही. मी उत्साहाने इन्चार्ज सिस्टरना म्हटलं, आपण ७२ तासांचा निकष घ्यायलाच नको.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गरज पडेल तेव्हा बदला हे ठीक आहे गं. पण गरज पडली हे कळायला रोज कुणीतरी हाताकडे बघायला लागतं. आपल्याकडे बघतात का? ते आधी मोज, मग मुदत उठवू." मला हे पटलं. पुढच्या सगळ्या कामात मला इतकं शहाणपणाचं वाक्य कुणाकडून ऐकायला मिळालं नाही. निकष पुस्तकातून येतो, पण तो ज्या वॉर्डात लावायचा तिथे त्याच्या अटी पूर्ण होतात का हेही पाहावं लागतं.

शेवटी पाच निकष ठरले आणि युनिटच्या डॉक्टरांनी त्यांवर सही केली. सुई लावल्याची तारीख आणि वेळ पट्टीवर लिहिलेली हवी. प्रत्येक पाळीत एकदा अंक नोंदवलेला हवा. ७२ तासांपुढे सुई ठेवायची तर कारण लिहिलेलं हवं, उदाहरणार्थ शिरा सापडत नाहीत आणि जागा निरोगी आहे. २४ तास सुईतून काहीच गेलं नसेल तर ती काढलेली हवी, मात्र रक्तस्राव, झटके किंवा छातीत दुखणं यांसारख्या कारणांनी डॉक्टरांनी ठेवायला सांगितलं असेल तर अपवाद. आणि अंक दोन किंवा जास्त असेल तर सुई निघालेली हवी. "सुईची योग्य काळजी घेतली जावी" असं एक वाक्य मी आधी लिहिलं होतं. मॅडमनी ते खोडलं आणि विचारलं, "हे हो की नाही, दोन माणसांनी बघितलं तर दोघांचं उत्तर एकच येईल का?" येणार नव्हतं.

दोन आठवड्यांत ४० सुया पाहायच्या ठरल्या. प्रत्येक सुई एकदाच मोजायची, नाहीतर लांब मुक्काम असलेल्या रुग्णाचीच सुई पाच वेळा मोजली जाते आणि आकडा एकाच बाजूला झुकतो. मी वेगवेगळ्या पाळ्यांत गेले, दोन्ही रविवारीही गेले. फॉर्मचा क्रम मुद्दाम असा ठेवला की आधी हात बघायचा, अंक लिहायचा आणि मगच केसपेपर उघडायचा. पहिल्या दोन खाटांवर मी उलटं केलं होतं. कागदावर "जागा ठीक" असं वाचलं की डोळ्यांनाही ती ठीकच दिसते, हे मला स्वतःवरूनच कळलं. त्या दोन नोंदी मी रद्द केल्या. कर्मचाऱ्यांपैकी कुणाचंही नाव फॉर्मवर नव्हतं. आणि एक नियम मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितला होता: दोन किंवा जास्त अंक दिसला की नोंद करून तत्काळ सांगायचं, ऑडिटसाठी रुग्णाला ताटकळत ठेवायचं नाही.

पहिली मोजणी अशी आली. ४० पैकी फक्त १३ सुयांवर तारीख होती. आधीच्या पाळीत अंक नोंदवलेला चार ठिकाणी सापडला. कारण नसताना २४ तासांहून जास्त पडून राहिलेल्या ११ सुया होत्या. दोन किंवा जास्त अंक असलेल्या सहा होत्या आणि त्यांतल्या दोनच सुयांबाबत मी पोचण्याआधी कुणी काही हालचाल केली होती.

७२ तासांच्या निकषाने मला हिशेबाचा एक धडा दिला. ज्या २७ सुयांवर तारीख नव्हती त्यांची वेळ मी औषधांच्या तक्त्यावरून शोधली. अठरांची सापडली, नऊंची सापडलीच नाही. म्हणजे वेळ माहीत असलेल्या सुया ३१ आणि त्यांतल्या पाच मुदतीपुढे गेलेल्या. ३१ पैकी २६ मुदतीत म्हटलं तर ८४ टक्के येतात आणि ऐकायला बरं वाटतं. पण ज्या नऊ सुयांचं वय कुणालाच माहीत नाही त्या गाळल्या तर सर्वांत मोठा दोषच गाळला जातो. निकष आहे की सुई मुदतीत आहे हे दाखवता यायला हवं. मग ४० पैकी २६, म्हणजे ६५ टक्के. अहवालात मी दोन्ही आकडे दिले आणि दुसरा खरा मानला.

यापुढचा टप्पा वॉर्डाच्या मीटिंगचा. बऱ्याच विद्यार्थ्यांचे अहवाल इथे पोचून "कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे" या वाक्यावर संपतात. मी मागचे काही वाचले आहेत. पण आमच्या वॉर्डात तारीख लिहावी हे कुणाला माहीत नव्हतं असं नव्हतंच. मग का लिहिली जात नाही? मी एकेका सिस्टरना कामाच्या वेळी विचारत गेले. उत्तर ट्रेमध्येच होतं. चिकटपट्टीच्या गुळगुळीत पाठीवर बॉलपेन उमटत नाही आणि मार्कर ट्रेत नसतो. एक हात रुग्णाच्या हातावर, दुसऱ्या हातात पट्टी, शेजारी सलाईन लटकतंय, अशा वेळी मार्कर शोधायला टेबलापर्यंत कोण जाणार? मग २७ बिनतारखेच्या सुयांची यादी पुन्हा पाहिली तर त्यांतल्या २१ कॅज्युअल्टीत लावलेल्या निघाल्या. म्हणजे आमच्या वॉर्डात कितीही भाषणं दिली असती तरी निम्म्याहून जास्त सुया दारातूनच तारखेविना येत राहिल्या असत्या.

पडून राहिलेल्या सुयांचं कारण वेगळं होतं. डॉक्टर राऊंडला "इंजेक्शन बंद, गोळ्या सुरू" लिहितात. सुई काढा, असं त्यात येत नाही. सिस्टरना वाटतं सांगितल्याशिवाय कशी काढू, आणि डॉक्टरांना वाटतं ते ओघानेच होईल. त्याखाली एक खरी भीतीही होती. रात्रपाळीच्या एक सिस्टर म्हणाल्या, "रात्री दोन वाजता पेशंट खालावला आणि शीर मिळाली नाही तर? त्यापेक्षा असू दे एक." ही भीती निष्काळजीपणातून आलेली नाही. म्हणून तिला उत्तर देणारा बदल हवा होता.

आम्ही तीनच बदल केले. कॅज्युअल्टी आणि वॉर्ड, दोन्हीकडच्या ट्रेत कागदी चिकटपट्टीचे कापलेले तुकडे ठेवले, त्यावर "तारीख" आणि "वेळ" छापलेलं, आणि मार्कर दोरीने ट्रेला बांधला. कागदी पट्टीवर साधं पेनही चालतं. दुसरं म्हणजे अंकासाठी नवा फॉर्म न काढता टीपीआरच्या तक्त्यातच, ताप आणि नाडीच्या खाली, एक ओळ आखली आणि पाळी बदलताना चार्ज खाटेजवळ उभं राहून द्यायचा, हात उघडा करून अंक मोठ्याने सांगायचा असं ठरलं. तिसरं, युनिट प्रमुखांनी लेखी दिलं की गोळ्या सुरू होऊन २४ तास झाले की वेगळा आदेश नसला तरी सिस्टरनी सुई काढावी. अपवादांची छोटी यादी भिंतीवर लागली. ज्या रुग्णाबद्दल धाकधूक असेल त्याच्यासाठी रात्रपाळीच्या डॉक्टरांना विचारून कारण लिहायचं आणि सुई ठेवायची. रात्रीच्या भीतीला अशी रीतसर जागा मिळाली.

आठ आठवड्यांनी फेरऑडिट केलं. तोच फॉर्म, तेच निकष, पुन्हा ४० सुया, पुन्हा दोन आठवडे. फॉर्ममध्ये सुधारणा करायचा मोह झाला होता, पण पट्टी बदलली तर आधीचं माप आणि नंतरचं माप शेजारी ठेवता येत नाही. माझ्या नजरेवरच सगळं अवलंबून राहू नये म्हणून दहा सुया माझ्या वर्गमैत्रिणीने स्वतंत्रपणे पाहिल्या. आठ ठिकाणी आमचा अंक जुळला. दोन ठिकाणी शून्य की एक यावर मतभेद झाला. सुई काढायची की नाही हे ज्यावर ठरतं, त्या दोनच्या रेषेवर फरक पडला नाही.

तारीख आता ४० पैकी ३४ सुयांवर होती. अंक नोंदवलेला २३ ठिकाणी, आणि जिथे नव्हता ती बहुतेक रात्रपाळी होती, जिथे एका सिस्टरवर सगळा वॉर्ड असतो. मुदतीत असल्याचं दाखवता येणाऱ्या सुया २६ वरून ३६ झाल्या. पडून राहिलेल्या सुया मात्र ११ वरून सातवरच आल्या. मला जास्त उतार अपेक्षित होता. यादी वारानुसार लावली तेव्हा दिसलं की सातपैकी पाच मला रविवारी किंवा सोमवारी सकाळी सापडल्या होत्या. शनिवारी गोळ्या सुरू होतात, रविवारी युनिटचा राऊंड नसतो, बदलीवर आलेल्या सिस्टरना युनिट प्रमुखांचं पत्र ठाऊक नसतं. पहिल्या फेरीत सुया सगळ्याच दिवशी पडून राहत होत्या, त्यामुळे रविवार वेगळा उठून दिसलाच नव्हता.

दोन किंवा जास्त अंक असलेल्या सुया सहाच्या चार झाल्या. ४० मधल्या सहा आणि ४० मधल्या चार यांतला फरक नशिबानेही पडतो. एवढ्या छोट्या संख्येवर दाह कमी झाला असं म्हणता येत नाही आणि मी तसं लिहिलेलं नाही. अशा चारपैकी तीन सुया मी पोचण्याआधीच निघाल्या होत्या किंवा निघत होत्या, एवढंच लिहिलं, तेही टक्केवारी न काढता. मी फॉर्म घेऊन फिरते आहे हे सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळे त्या दिवसांत काळजी थोडी जास्तच घेतली गेली असणार, हेही नमूद केलं.

अहवाल सादर करताना कार्यालयातून एक प्रश्न आला आणि त्याने माझ्या पोटात गोळा आला. वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये ऑडिटच्या आधीच्या महिन्यात शिरेच्या दाहाची एकच नोंद होती आणि नंतरच्या महिन्यात सात. "सुधारणा केल्यावर सहा केसेस वाढल्या कशा?" पण आधीच्या महिन्यात हात बघितलाच जात नव्हता, तर रजिस्टरमध्ये येणार कुठून? आजींची सुईसुद्धा मी योगायोगाने त्या खाटेजवळ गेले म्हणून नोंदली गेली. रजिस्टर सांगतं किती वेळा लिहिलं गेलं. दोन्ही फेऱ्यांत एकाच पद्धतीने स्वतः पाहिलेले ४० हात शेजारी ठेवले तेव्हा साहेबांना ते पटलं. रजिस्टरचा आकडा पाहून कुणी वॉर्डाला बोल लावला असता तर पुढच्या महिन्यात नोंदी पुन्हा एकवर आल्या असत्या, आणि सुजलेले हात तेवढेच राहिले असते.

आता शनिवारी संध्याकाळच्या चार्जला एक फेरी ठरली आहे. ज्यांच्या गोळ्या सुरू झाल्या त्यांच्या खाटांचे नंबर फळ्यावर लिहायचे आणि रविवारी दुपारपर्यंत त्या सुया काढायच्या किंवा कारण लिहायचं. बदलीवर येणाऱ्या सिस्टरसाठी युनिट प्रमुखांच्या पत्राची प्रत चार्जबुकात पहिल्या पानावर चिकटवली आहे. रात्रपाळीचं उत्तर आमच्याकडे अजून नाही. एका सिस्टरला रात्री सगळे हात बघणं जमत नाही हे तक्त्यावरून स्पष्ट दिसतं, म्हणून रात्रीपुरता निकष बदलायचा की माणूस वाढवून मागायचा हे पुढच्या मीटिंगला ठेवलं आहे. तिसरी मोजणी तिसऱ्या वर्षाची तुकडी करणार आहे. कोरे फॉर्म आणि जुने ८० फॉर्म मी त्यांच्याकडे दिले आहेत. मोजणी रविवारपासून सुरू करायला सांगितली आहे.